‘लेट फी माफ करा’ म्हणण्याआधी

माझी वहिनी ठाण्याच्या एका शाळेत शिकवते. सहा वर्षांपासून तिच्याकडे एकच क्रेडिट कार्ड आहे आणि त्याचे बिल ती दर महिन्याला पूर्ण भरते. 25 एप्रिलला तिने त्या कार्डावर 18,000 रुपयांचे वॉशिंग मशीन घेतले. 18 मेला स्टेटमेंट आले. बिल भरायची शेवटची तारीख 7 जून होती. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांना सांगलीला अचानक दवाखान्यात ठेवावे लागले, त्या धावपळीत बिल राहून गेले. 11 जूनला मेसेज बघितला आणि तिने लगेच पूर्ण रक्कम भरली. त्या काळात कार्डावर दुसरी काही खरेदी नव्हती, त्यामुळे पुढच्या स्टेटमेंटवरचा हिशोब अगदी सरळ दिसत होता.

लेट फी 750 रुपये, तिच्यावर 18 टक्के जीएसटी 135 रुपये, म्हणजे 885 रुपये. वहिनीचा सगळा राग या 885 रुपयांवर होता. पण खालची ओळ तिच्या लक्षात आलीच नव्हती. ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण बिल भरले नाही, तर बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते. 25 एप्रिल ते 11 जून म्हणजे 47 दिवस. कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. 18,000 वर 47 दिवसांचे व्याज झाले सुमारे 973 रुपये आणि त्यावरचा जीएसटी 175. एकूण 1,148. उशीर चार दिवसांचा, पण फटका दोन हजारांच्या वर, आणि त्यातला मोठा वाटा लेट फीचा नसून व्याजाचा होता.

म्हणून फोन उचलण्याआधी स्टेटमेंट समोर ठेवून प्रत्येक आकार वेगळा लिहून काढावा: लेट फी, व्याज, दोन्हींवरचा जीएसटी. ‘लेट फी माफ करा’ एवढेच म्हटले, तर फोनवरचा माणूस तेवढेच माफ करील. व्याजाचा विषय आपण काढला नाही, तर तोही काढणार नाही.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपण मागतोय तो हक्क आहे की विनंती?

रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये क्रेडिट कार्डांसाठी जे निर्देश काढले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की बिल भरायची तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेला, तरच बँकेला लेट फी लावता येते आणि खाते थकल्याची नोंद क्रेडिट ब्यूरोकडे पाठवता येते. म्हणजे 7 जूनचे बिल वहिनीने 10 जूनपर्यंत भरले असते, तर लेट फी लावणेच चुकीचे ठरले असते. तिथे चांगल्या रेकॉर्डचा दाखला देण्याची गरजच नाही. ‘नियमाप्रमाणे हा आकार लागत नाही, तो उलटवा’ एवढेच सांगायचे. मात्र ही सवलत लेट फीपुरती आहे. त्या तीन दिवसांतही व्याज चालूच राहते.

पैसे वेळेत भरले पण बँकेने ते उशिरा जमा दाखवले, तरी प्रश्न हक्काचाच आहे. अशा वेळी व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख दिसणारा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून लागतो. ‘हे कार्ड आयुष्यभर मोफत’ असे सांगून कार्ड दिले आणि नंतर वार्षिक फी लावली, तर तेही असेच. कार्ड देताना स्पष्ट न सांगितलेला आणि ग्राहकाची संमती न घेतलेला आकार लावता येत नाही. फक्त विक्री करणाऱ्याच्या तोंडी बोलण्याला पुरावा नसतो. कार्डासोबत आलेले पत्र किंवा ईमेल जपून ठेवलेली असावी ती यासाठी.

वहिनीने मात्र बिल 11 तारखेला, चौथ्या दिवशी भरले होते. बँक नियमात होती, त्यामुळे तिला विनंतीच करायची होती. चांगले रेकॉर्ड उपयोगी पडते ते अशा वेळी. पण ते मांडायचे कसे, हे नीट समजून घ्यायला हवे.

आपल्याला वाटते, मी बिल कधी थकवत नाही, म्हणजे मी उत्तम ग्राहक. बँकेच्या हिशोबात हे अर्धेच खरे आहे. वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याकडून बँकेला व्याज मिळत नाही. तिची कमाई होते ती आपण दुकानात कार्ड वापरतो तेव्हा दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या रकमेतल्या वाट्यातून. त्यामुळे विनंती करताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात: परतफेड किती वर्षे चोख आहे आणि वर्षभरात कार्डावर खर्च किती होतो. तिसरी गोष्ट म्हणजे याआधी अशी माफी घेतलेली नाही, हे सांगणे. मागच्या वर्षभरात एकदा फी माफ झाली असेल, तर दुसऱ्यांदा होणे अवघड जाते. म्हणून शंभर रुपयांच्या लेट फीवर ही विनंती खर्च करू नये.

वहिनीने कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन केला. बोलण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्याच वाचून दाखवल्या:

‘माझ्याकडे हे कार्ड सहा वर्षांपासून आहे. आजवरचं प्रत्येक बिल मी वेळेत आणि पूर्ण भरलंय. जूनचं बिल वडिलांच्या आजारपणात चार दिवस उशिरा भरलं गेलं, तेही पूर्ण. पहिलीच वेळ आहे, म्हणून लेट फी, व्याज आणि दोन्हींवरचा जीएसटी उलटवावा अशी विनंती आहे.’

पलीकडची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, लेट फी मी करून देते, पण इंटरेस्ट सिस्टीमने लागलेला असतो, तो आमच्या हातात नाही.’ वहिनीने विचारले, ‘लेट फीवरचा जीएसटीही परत येईल ना? आणि याचा रिक्वेस्ट नंबर द्याल का?’ नंबर मिळाला. आठवड्याभरात 885 रुपये कार्डावर जमा झाले. व्याजासाठी तिने त्याच मजकुराची ईमेल तक्रार विभागाला पाठवली. उत्तर नकाराचे आले आणि तिने विषय तिथेच संपवला. लेट फीपेक्षा व्याज सुटणे कठीणच असते. मागून बघावे, पण धरून बसू नये.

या काळात बहुतेकांची चूक होते ती इथे. ‘माफीचा निकाल लागेपर्यंत तेवढे पैसे भरत नाही’ असे ठरवून लोक बिलातून फीची रक्कम वजा करतात. बिल अपुरे भरले गेले की बिनव्याजी मुदत पुन्हा जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. 885 रुपये वाचवायला जाऊन दुसरे बिल बिघडते. विनंती लवकर करावी, पण मुदतीपर्यंत उत्तर आले नाही तर बिल फीसकट पूर्ण भरून टाकावे. माफी मंजूर झाली की ती रक्कम कार्डावर जमा होतेच.

आणखी एक गोष्ट. लेट फी माफ झाली म्हणजे उशिराची नोंद पुसली गेली असे नाही. फी हा पैशाचा विषय आहे, नोंद हा माहितीचा. दोन महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट काढून त्या महिन्यापुढे थकीत दिवस दाखवले आहेत का, हे बघावे. प्रत्येक क्रेडिट ब्यूरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. नोंद खरी असेल तर ती राहते. चुकीची असेल तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

वार्षिक फीचे गणित थोडे निराळे आहे. इथे आपल्याकडून काही चुकलेले नसते, त्यामुळे प्रश्न ‘मला ठेवायचे आहे का?’ असा बँकेला पडतो. अनेक कार्डांवर वर्षाला ठरावीक खर्च झाला की फी आपोआप माफ होते. पण हे वर्ष जानेवारीपासूनचे नसते आणि एप्रिलपासूनचेही नसते. ते कार्ड मिळालेल्या महिन्यापासून मोजतात. पेट्रोल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांसारखे खर्च अनेकदा या बेरजेत धरत नाहीत, आणि परत केलेल्या वस्तूंची रक्कम वजा होते. ‘दीड लाख खर्च केले तरी फी लागली’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. म्हणून वर्ष संपायच्या महिनाभर आधी फोन करून ‘तुमच्या हिशोबाने माझा किती खर्च धरला गेलाय?’ असे विचारावे. थोडेच कमी पडत असेल, तर पुढच्या महिन्यात भरायचा विम्याचा हप्ता आधी भरूनही आकडा गाठता येतो. अर्थात विमा धरला जातो का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

फी लागलीच, तर ती स्टेटमेंटवर दिसताक्षणी विनंती करावी. उत्तर बहुधा तीन प्रकारचे असते: पूर्ण माफी, अर्धी माफी, किंवा ‘पुढच्या साठ दिवसांत अमुक खर्च करा, मग फी परत करू’. तिसऱ्या प्रस्तावात तेवढा खर्च एरवीही होणार असेल तरच हो म्हणावे. हजाराच्या फीसाठी वीस हजारांची नको असलेली खरेदी करू नये. फी भरल्यावर बोनस पॉइंट मिळणार असतील, तर माफीनंतर ते मिळणार की नाही, हेही विचारावे.

‘मग कार्ड बंद करा’ हे शेवटचे वाक्य खरोखर बंद करायचे असेल तरच उच्चारावे. बाकी सगळे चुकते केलेले असेल, तर बंद करण्याच्या विनंतीवर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही करायची असते, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. म्हणजे वाक्य खरे धरले जाते. सगळ्यात जुने किंवा सगळ्यात मोठ्या मर्यादेचे कार्ड असे बंद झाले, तर क्रेडिट स्कोअरवर परिणाम होऊ शकतो. बंद करायचेच असेल, तर साठलेले पॉइंट आधी वापरून टाकावेत.

विनंती नाकारली गेली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही. माफी द्यायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि त्यात लोकपाल पडत नाही. पण हक्काचा पैसा अडला असेल, म्हणजे तीन दिवसांच्या आत भरूनही लेट फी लावली असेल, तर गोष्ट वेगळी. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला काही फी लागत नाही.

एक सावधगिरी मात्र कायम ठेवावी. ‘तुमची वार्षिक फी माफ करतो’ असा फोन स्वतःहून आला तर तो ठेवून द्यावा. माफीसाठी ओटीपी लागत नाही, सीव्हीव्ही लागत नाही, कुठले अ‍ॅप डाउनलोड करावे लागत नाही. बोलायचे ते आपणच, कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन लावून.

वहिनीने त्या जूननंतर पूर्ण बिलाचे ऑटोपे लावून टाकले. लावताना स्क्रीनवर दोन पर्याय होते: ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’. पहिला आधीच निवडलेला होता. तो तसाच राहिला असता, तर लेट फी पुन्हा कधी लागली नसती, पण व्याज दर महिन्याला लागले असते. 1,148 रुपयांचा हिशोब तिच्या लक्षात होता, म्हणून तिने तो बदलला.