पातळी आठ, पण कोणत्या रुग्णाची?

बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला निरोप देताना, त्याच महिन्यात निवृत्त होणाऱ्या फार्माकॉलॉजीच्या एका प्राध्यापकांनी भाषणाचा बहुतेक वेळ एकाच औषधाला दिला. आकडी येऊ नये म्हणून १९३८ पासून वापरात असलेले हे औषध म्हणजे फेनिटॉइन. जीपॅटची तयारी करणाऱ्याने त्यावरचा एक प्रश्न हमखास सोडवलेला असतो: रक्तात त्याची योग्य पातळी किती? उत्तरतालिका सांगते, लिटरला १० ते २० मिलिग्रॅम. हे उत्तर बरोबरच आहे, पण ते कोणत्या रुग्णासाठी, हे तालिकेत लिहिलेले नसते, आणि सरांचा सगळा आक्षेप एवढ्यावरच होता.

त्यासाठी त्यांनी एक उदाहरण घेतले. दीर्घ आजाराने खंगलेला, पण मूत्रपिंडे ठीक असलेला एक रुग्ण रोज ३०० मिलिग्रॅम फेनिटॉइन घेतो आणि त्याच्या आकड्या थांबल्या आहेत. तपासणीत पातळी येते ८. पाठांतर म्हणते, १० पेक्षा कमी आहे, डोस वाढवायला हवा. त्याच रिपोर्टमध्ये खाली अल्ब्युमिनचा आकडा असतो: २. निरोगी माणसात तो साधारण ३.५ ते ५ असतो. घाईत वाचणाऱ्याचे तिकडे लक्ष जात नाही.

अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन. एरवी फेनिटॉइनचा सुमारे नव्वद टक्के भाग त्याला चिकटून फिरतो आणि उरलेला दहा टक्के मोकळा असतो. मेंदूपर्यंत पोहोचून काम करतो तो हा मोकळा भाग. प्रयोगशाळा मात्र नेहमीच्या तपासणीत दोन्हींची बेरीज मोजते. अल्ब्युमिन निम्म्यावर आले की चिकटायला जागा कमी पडते आणि मोकळा भाग दहाचा जवळपास वीस टक्के होतो. मग आठचे वीस टक्के म्हणजे १.६. निरोगी माणसात इतकेच मोकळे औषध असण्यासाठी एकूण पातळी १६ असावी लागेल. म्हणजे कागदावर कमी दिसणारा हा रुग्ण प्रत्यक्षात योग्य पट्ट्यात आहे, तोही वरच्या बाजूला. आकड्या थांबल्या आहेत, ही गोष्ट याच्याशी जुळते. आकडा आणि रुग्ण यांचे जुळत नसेल तर आधी आकड्याकडे संशयाने पाहावे, असे सरांनी इथे सांगितले.

डोस वाढवला तर काय होईल, हा हिशेबाचा पुढचा भाग. बहुतेक औषधांत डोस दहा टक्के वाढवला की पातळीही साधारण दहा टक्के वाढते. फेनिटॉइनचे तसे नाही. यकृतातली जी विकरे त्याचा निचरा करतात, त्यांची क्षमता नेहमीच्या उपचारातच भरत आलेली असते. पाठ्यपुस्तकातले सरासरी स्थिरांक धरले तर या रुग्णाचे यकृत दिवसाला फार तर ३७५ मिलिग्रॅम निपटू शकते. डोस ३३० केला, तर १६ ची समतुल्य पातळी २९ च्या आसपास जाते; ३५० केला तर पन्नाशी ओलांडते. सहज म्हणून आणखी १०० मिलिग्रॅमची एक गोळी वाढवून ४०० केले, तर पातळी कुठे स्थिरावतच नाही, रोज चढत राहते. हे एका दिवसात दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवे. काही दिवसांनी नजर बाजूला वळवली की बुबुळे थरथरतात, मग चालताना तोल जातो, पुढे गुंगी आणि गोंधळ येतो. या टप्प्यावर घरचे लोक अशक्तपणा वाढला असे समजतात, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण रुग्ण आधीच खंगलेला असतो.

डोस बदलणे फार्मासिस्टच्या हातात नसते. त्याने करायचे ते डॉक्टरांना फोन करून अल्ब्युमिनचा आकडा सांगणे, रक्त डोसनंतर किती वेळाने घेतले हे विचारणे, आणि शक्य असेल तिथे मोकळ्या फेनिटॉइनची थेट तपासणी सुचवणे. रुग्णाला नुसते ‘पातळी कमी आहे’ असे काउंटरवरून सांगितले, तर तो एखादी गोळी स्वतःच वाढवण्याची भीती असते.

हा दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही, हे सरांनी मान्य केले. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ‘अल्ब्युमिन २’ एवढे दोन शब्द घातले असते, तर तोच बहुपर्यायी प्रश्न विचार करायला लावणारा झाला असता. तोंडी परीक्षेत ते स्वतः पातळी तीच ठेवून अल्ब्युमिन बदलत, आणि पाठ केलेले विद्यार्थी तिथेच अडखळत.

मात्र अल्ब्युमिनवरून काढलेली ही दुरुस्तीही नवी उत्तरतालिका म्हणून पाठ करता येत नाही. मूत्रपिंडे निकामी झाली असतील तर शरीरात साठलेले घटक फेनिटॉइनला अल्ब्युमिनवरून हटवतात आणि गणित बदलते. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते त्याच जागांसाठी स्पर्धा करते, शिवाय फेनिटॉइनचा निचराही मंदावते. अशा रुग्णांत वरचा हिशेब मोकळे औषध कमी दाखवतो, आणि तिथे थेट तपासणीच विश्वासाची.