तळाशी झोपलेली रेघ

साखर कारखान्याच्या हंगामाचा हिशेब शेवटी दोन आकड्यांवर येतो. ऊस किती गाळला आणि उतारा किती पडला. गाळप टनांत मोजतात आणि एका महिन्यातच ते लाखाच्या पुढे जाते. उतारा म्हणजे शंभर टन उसातून निघालेली साखर, ती दहा-बारा टनांच्या आसपास रेंगाळते. हे दोन आकडे एकाच आलेखात दाखवावेत असे कुणालाही वाटेल, आणि तिथेच घोळ होतो. गाळपाचे खांब ऐटीत उभे राहतात आणि उताऱ्याची रेघ तळाच्या अक्षावर अशी आडवी पसरते की ती काढली आहे की राहून गेली, हेच कळत नाही.

एक नमुन्याचा कारखाना घेऊ. आकडे मी मांडलेले आहेत, पण चढउतार नेहमीच्या हंगामासारखा आहे. नोव्हेंबरात गाळप १,१०,००० टन, उतारा ९.४ टक्के. डिसेंबरात १,५५,००० टन आणि १०.६. जानेवारीत १,६०,००० टन आणि ११.४. फेब्रुवारीत १,४५,००० टन आणि ११.९. मार्चमध्ये १,३०,००० टन आणि ११.५. सुरुवातीला कोवळा ऊस येतो म्हणून उतारा कमी, थंडीत साखर भरते म्हणून तो वाढतो, ऊन तापू लागले की पुन्हा उतरतो. ही या हंगामाची खरी गोष्ट, आणि आलेखात नेमकी तीच दिसत नाही.

का दिसत नाही ते मोजून पाहता येते. हे आकडे एक्सेलला दिले तर तो उभा अक्ष शून्यापासून १,८०,००० पर्यंत आखतो. छापलेल्या आलेखाची उंची ९ सेंटिमीटर धरली तर एका मिलिमीटरच्या वाट्याला २,००० टन येतात. उतारा नोव्हेंबर ते फेब्रुवारी अडीच अंकांनी वाढला. ही वाढ कागदावर एका मिलिमीटरचा आठशेवा भाग होईल. साध्या कागदाची जाडी याच्या ऐंशीपट तरी असते. म्हणजे रेघ चढलेली आहे, पण तो चढ छापता येईल असे यंत्र नाही आणि पाहता येईल असा डोळा नाही. त्यात उतारा टक्क्याच्या चिन्हासह नोंदवला असेल तर आणखी गंमत होते. पडद्यावर ११.९% दिसत असले तरी एक्सेलच्या लेखी तो आकडा ०.११९ असतो, म्हणजे रेघ आणखी शंभरपट चपटी.

यावरचा उपाय सगळ्यांना ऐकून माहीत असतो: उताऱ्याला उजव्या बाजूला स्वतःचा वेगळा अक्ष द्यायचा. पण करायला गेलेला माणूस पहिल्याच पायरीवर अडतो. रेघेवर क्लिक करायचे, तर रेघ आडव्या अक्षाला इतकी चिकटलेली असते की दर वेळी अक्षच निवडला जातो. अशा वेळी माउसशी झटापट करू नये. आलेख निवडून वरच्या `Format` टॅबमध्ये गेले की अगदी डावीकडे आलेखातल्या घटकांची उघडणारी यादी असते. तिच्यातून उताऱ्याची मालिका नावानेच निवडायची, खालचे `Format Selection` दाबायचे आणि `Secondary Axis` वर खूण करायची. दुसरी वाट `Change Chart Type` मधल्या `Combo` ची. तिथे गाळपाला खांब, उताऱ्याला रेघ आणि उताऱ्यासमोर दुय्यम अक्षाची खूण, हे सगळे एकाच खिडकीत होते. मला ही वाट जास्त बरी वाटते, कारण दोन्ही मालिका खांबांच्याच ठेवण्याची चूक तिथे सहसा होत नाही. दोन्ही खांब ठेवले तर दुय्यम अक्षावरचे खांब पहिल्या खांबांच्या अंगावर येऊन बसतात आणि गाळप झाकले जाते.

आता रेघ तळ सोडून वर येते. बहुतेक जण इथे समाधानाने फाइल बंद करतात. पण उजवीकडचा नवा अक्ष जरा निरखून पाहावा. एक्सेलने तो शून्य ते १४ असा आखलेला असतो. आपले सगळे आकडे ९.४ ते ११.९ च्या आत आहेत, म्हणजे आलेखाचा खालचा दोन तृतीयांश भाग त्या रेघेसाठी रिकामाच. नऊ सेंटिमीटरच्या उंचीत संपूर्ण हंगामाचा चढ जेमतेम सोळा मिलिमीटर भरतो. झोपलेली रेघ उठून बसली एवढेच.

हे शून्य एक्सेल स्वतःच्या हिशेबाने ठरवतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशाहून जास्त असेल तर अक्ष शून्यापासून सुरू होतो. कमी असेल तर तो आपोआप वर सरकतो. आपल्या पाच महिन्यांत फरक २.५ आहे, ११.९ च्या एकवीस टक्के, म्हणून शून्य आले. आता नोव्हेंबर वगळून पाहा. फरक १.३ वर येतो, म्हणजे अकरा टक्के, आणि अक्ष लगेच दहाच्या आसपास सुरू होतो. तेच डिसेंबर ते मार्चचे चार आकडे, पण रेघ एकदम डोंगर चढल्यासारखी दिसते. मागच्या वर्षीचा आणि यंदाचा आलेख शेजारी ठेवणाऱ्याने म्हणूनच आधी अक्षांवरचे आकडे वाचावेत, रेघांकडे नंतर वळावे.

मग योग्य तळ कोणता? आलेख शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे असा एक हेका असतो. खांबांच्या बाबतीत तो बरोबर आहे, कारण खांबाची लांबी हेच त्याचे मोजमाप. रेघेला मात्र तो लागू नाही, आणि शून्याचा आग्रह धरून खरा बदल लपवताही येतो. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने १८८० पासूनच्या जागतिक सरासरी तापमानाचा एक आलेख ट्विटरवर टाकला होता. उभा अक्ष उणे १० ते ११० अंश फॅरनहाइट. पृथ्वीचे सरासरी तापमान त्या काळात दीड अंशाच्या आसपास वाढले होते. एकशेवीस अंशांच्या अक्षावर ती वाढ दिसणार कशी? रेघ सपाट निघाली, आणि पाहा, काही बदललेच नाही, असे सुचवायला ती पुरेशी होती. त्यात एकही आकडा खोटा नव्हता.

तेव्हा तळ ठरवताना विचारायचे ते एवढेच, की या मोजमापात केवढा फरक महत्त्वाचा असतो. उसाच्या बाबतीत उत्तर सरकारी दरातच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात, खाली तेवढेच कमी होतात, आणि साडेनऊच्या खाली गेल्यास ३२९ रुपये ५ पैशांवर दर थांबतो. म्हणजे हंगामाच्या सरासरी उताऱ्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तर टनामागे १७३ रुपयांचा फरक. आपल्या नमुन्याच्या कारखान्याचे एकूण गाळप सात लाख टन आहे, तेव्हा ऊस उत्पादकांच्या देण्यात सुमारे बारा कोटींची तफावत. साखरेच्या बाजूने पाहिले तर साडेतीन हजार टन. शून्य ते १४ च्या अक्षावर हा अर्धा टक्का तीन मिलिमीटर होतो, आणि पहिल्या आलेखात तर तो नव्हताच.

म्हणून मी उजवा अक्ष ९ ते १२.५ असा ठेवीन. `Format Axis` मध्ये `Bounds` खाली `Minimum` आणि `Maximum` हाताने लिहिता येतात. एकदा लिहिले की नोव्हेंबर असो वा नसो, अक्ष हलत नाही. हंगामाचा चढ आता चौसष्ट मिलिमीटर होतो. १०.२५ ची आडवी रेघही हवीच. त्यासाठी एक नवा रकाना करून त्यात पाचही महिन्यांपुढे १०.२५ लिहायचे आणि ती मालिका आलेखात घ्यायची. ती आधी डाव्या अक्षावर गेली तर गोंधळू नये. एक लाखाच्या जगात १०.२५ पुन्हा तळाशीच झोपणार, तिलाही उजवीकडे पाठवावे लागते.

उजवा अक्ष एक्सेलने स्वतः आखलेला असताना रेघ सपाटच राहिली तर नोंदी तपासाव्यात. ११.४ लिहिताना दशांश चिन्ह सुटून ११४ झाले असेल, तर जानेवारीत एकच सुळका आणि बाकी सगळे आडवे, असे चित्र येते. अक्षाचे वरचे टोक शंभराच्या पुढे गेले असेल तर चोर तिथेच सापडतो. उतारा शंभर कधीच नसतो.

दोन अक्षांचा खरा धोका मात्र रेघ नीट दिसू लागल्यावर सुरू होतो. आता रेघ खांबांच्या माथ्यांवरून जाते, कुठे त्यांना छेदते, कुठे त्यांच्या वर निघते. सभेत कुणीतरी म्हणतोच, ‘‘बघा, फेब्रुवारीत उताऱ्याने गाळपाला मागे टाकले.’’ याला काही अर्थ नाही. टन आणि टक्के एकमेकांना मागे टाकत नाहीत. उजव्या अक्षाचे वरचे टोक १२.५ ऐवजी १६ केले तर तीच रेघ खांबांच्या पोटात शिरेल आणि जिथे छेद दिसत होता तिथून तो नाहीसा होईल. छेद आकड्यांतून आलेला नसतो, अक्ष आखणाऱ्याच्या हातातून आलेला असतो.

याच कारणाने छापायच्या अहवालात मी दुय्यम अक्ष टाळून दोन आलेख एकाखाली एक ठेवणे पसंत करतो. वर गाळपाचे खांब, शून्यापासून. खाली उताऱ्याची रेघ, ९ ते १२.५, तिच्यात १०.२५ ची फिकट रेघ. दोन्हींचे महिने अचूक एका ओळीत यावेत, म्हणून आलेखांची आणि त्यांच्या आतल्या `Plot Area` ची रुंदी व डावी कड सारखी ठेवायची. जागा थोडी जास्त लागते, पण कोणता आकडा कोणत्या अक्षाचा हे शोधत बसावे लागत नाही. नजर जानेवारीवरून फेब्रुवारीवर नेली की वरचा खांब पंधरा हजार टनांनी खचलेला दिसतो आणि खालची रेघ अर्ध्या अंकाने चढलेली. गाळप नऊ टक्क्यांहून जास्त घटले, तरी साखर १८,२४० टनांवरून १७,२५५ वर आली, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आतच घटली.