मृत्युलेख : चरित्राचें एक साधन

राम गणेश गडकरी हे २३ जानेवारी १९१९ रोजीं, गुरुवारीं, सावनेर येथें वारले. सावनेर हें नागपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव; नागपूरपासून तें सुमारें पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर आहे. क्षयानें खंगलेले गडकरी शेवटच्या दिवसांत तेथें आपल्या बंधूंकडे राहत होते. त्यांचा जन्म २६ मे १८८५ चा. इतक्या मोठ्या लेखकाच्या जन्ममृत्यूच्या तारखा शोधण्यास जुन्या वर्तमानपत्राची गरज नाहीं. पण ज्या घरांतील आजोबा एखाद्या शाळेंत शिक्षक किंवा कचेरींत कारकून होते, त्या घरापाशीं त्यांच्याविषयींचा छापील पुरावा म्हणून बहुधा एकच वस्तु असते : पिवळ्या पडलेल्या पत्रांतील दहाबारा ओळींची मृत्युवार्ता. अशा ओळी कशा वाचाव्या, हें पाहण्यास गडकऱ्यांच्या तारखा कसोटीच्या दगडाप्रमाणें उपयोगी पडतात. कारण खरें उत्तर आधींच ठाऊक असल्यामुळें चूक कोठें शिरते तें स्पष्ट दिसतें.

पहिली गफलत वयाची. ‘चौतिसाव्या वर्षीं निधन’ आणि ‘चौतीस वर्षांचे असतांना निधन’ हीं दोन वाक्यें कानास सारखीं वाटतात, आणि घाईंत लिहिणारा वार्ताहर एकाच्या जागीं दुसरें सहज लिहून जातो. हिशेबांत मात्र तीं एका वर्षानें दूर आहेत. मृत्युसमयीं गडकऱ्यांचीं तेहतीस वर्षें पुरीं होऊन चौतिसावें चालू होतें. म्हणून ‘चौतिसाव्या वर्षीं’ हें बरोबर. त्यावरून जन्म २४ जानेवारी १८८५ आणि २३ जानेवारी १८८६ यांच्या दरम्यानचा ठरतो, आणि २६ मे १८८५ हा दिवस त्यांत बसतो. तेंच ‘चौतीस वर्षांचे’ असें छापलें गेलें, तर जन्म २४ जानेवारी १८८४ ते २३ जानेवारी १८८५ या मुदतींत जाऊन पडतो, आणि खरी तारीख बाहेर राहते. यास्तव मृत्युवार्तेवरून जन्माचें एकच वर्ष काढून वंशावळींत टाकूं नये. दोन्ही अर्थ धरून मुदत लिहावी आणि शाळेचा दाखला किंवा जन्मपत्रिका हातीं आल्यावर ती आवळावी. वय साठ, सत्तर, पंचाहत्तर असें गोल असेल तर तें कोणीं मोजलेलें नसून अंदाजानें सांगितलेलें असण्याचा संभव अधिक.

मृत्यूच्या दिवसाविषयीं पत्र अधिक विश्वासार्ह असतें, तरी तेथेंही एक खड्डा आहे. जुन्या बातमींत तारखेऐवजीं ‘गेल्या गुरुवारीं’ एवढेंच लिहिलेलें पुष्कळदां आढळतें. पुण्याचा ‘केसरी’ मंगळवारीं निघे. तेव्हां २८ जानेवारी १९१९ च्या मंगळवारच्या अंकांत ‘गेल्या गुरुवारीं’ असें वाचलें, तर मागें मोजून २३ तारीख बरोबर येते. आतां कल्पना करावी कीं, तोच मजकूर दुसऱ्या एका साप्ताहिकानें पुढच्या आठवड्यांत जसाच्या तसा उतरून घेतला. तेथें ‘गेल्या गुरुवारीं’ म्हणजे ३० जानेवारी होते! वाक्य खरें, अंकाची तारीख खरी, आणि निष्कर्ष तेवढा खोटा. ही उतारेगिरी ओळखण्याची खूण अशी कीं, दोन पत्रांतील शब्दरचना ओळीनें ओळ सारखी भरते. तशी ती भरली तर ते दोन पुरावे नव्हेत, एकच पुरावा दोनदां छापलेला आहे. आणि त्यांतला जो अंक आधींचा, तोच धरावा.

स्थळाचेंही असेंच. बातमीच्या आरंभीं ‘नागपूर’ असें गांवाचें नांव असतें. तें बातमी जेथून धाडली गेली त्या ठिकाणाचें, मृत्यूच्या ठिकाणाचें नव्हे. लहान गांवची वार्ता मोठ्या शहरांतील बातमीदारामार्फत बाहेर जाई. केवळ त्या एका शब्दावर भिस्त ठेवणारा मनुष्य सावनेरचा मृत्यु नागपुरास नेऊन बसवील, आणि मग नागपूरच्या नगरपालिकेच्या मृत्युनोंदींत नसलेलें नांव शोधीत बसेल.

तिथीच्या बाबतींत नागपुरास एक अडचण आहे, ती पुण्यास फारशी भासत नाहीं. शकाचा इसवी सन करतांना चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवावे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. गडकरी गेले तेव्हां शके १८४० चा पौष वद्य पक्ष चालू होता. पौष महिना कधीं डिसेंबरांत लागतो, कधीं जानेवारींत; त्या सालीं तो जानेवारींत लागला होता. तेथें सरसकट ७८ मिळविले तर १९१८ येतें, म्हणजे एक वर्ष आधींच माणूस गेला असें होतें. ही चूक साऱ्या महाराष्ट्रांत होते. परंतु त्या काळीं मध्यप्रांताची राजधानी असलेल्या नागपुरांत मराठी व हिंदी या दोन्ही भाषांचा वावर, आणि उत्तरेकडील पद्धतींत महिना पौर्णिमेस संपतो. त्यामुळें मराठी पंचांगांतील पौष वद्य हाच हिंदी पंचांगांतील माघ कृष्ण. हिंदी मजकुरांतील ‘माघ कृष्ण’ मराठी माघ वद्य समजून वाचला, तर २३ जानेवारीचा मृत्यु फेब्रुवारीच्या उत्तरार्धांत जातो. शुद्ध पक्षांत दोन्ही पद्धति जुळतात; म्हणून वद्य तिथि दिसली कीं मजकूर कोणत्या भाषेंतून आला, हें आधीं विचारावें. वार दिलेला असेल तर पंचांगाशीं ताडून निकाल लगेच लागतो.

मध्यरात्रीचा प्रश्न याहून बारीक आहे. लोकमान्य टिळक मुंबईस सरदारगृहांत १ ऑगस्ट १९२० रोजीं, रात्रीं बारा वाजून गेल्यावर सुमारें चाळीस मिनिटांनीं वारले. इंग्रजी हिशेबानें तो रविवार. पण आपल्याकडे वार सूर्योदयापासून मोजतात, म्हणून बोलतांना ती शनिवारचीच रात्र. अशा मृत्यूसाठीं एकानें ३१ जुलै व दुसऱ्यानें १ ऑगस्ट लिहिलें, तर दोघांपैकीं कोणी खोटें बोलला असें मानण्याचें कारण नाहीं. घरांत श्राद्धतिथि आणि दाखल्यावरील तारीख यांचा मेळ बसत नसेल, तर मृत्यूची वेळ काय होती हें प्रथम पाहावें.

आजार, अंत्ययात्रा, मागें राहिलेली मंडळी, हें सारें बातमीदारास त्या दिवशीं कळलेलें असतें. तेथें मृत्युलेख बळकट असतो. बालपण, मूळ गांव, शिक्षण हें मात्र शोकांत बुडालेल्या नातेवाइकानें आठवेल तसें सांगितलेलें असतें. कर्तृत्वाची यादीही त्या दिवसापुरतीच खरी. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें तें गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर सुमारें महिन्यानें, २० फेब्रुवारी १९१९ रोजीं बडोद्यास; तें पाहिलेला प्रेक्षक मृत्युलेख लिहिणाऱ्यास कोठून मिळणार? शिवाय ‘गोविंदाग्रज’ आणि ‘बाळकराम’ हीं नांवें ज्यास ठाऊक नाहींत, त्याच्या शोधांतून निम्मे गडकरी निसटतात. स्त्रियांच्या बाबतींत तर पुष्कळदां नांवच नसतें. ‘अमक्यांच्या मातोश्री’ एवढ्यावर भागविलेलें असतें. ही उणीव पत्राच्या पानावर भरून निघत नाहीं; माहेरचें नांव क्षेत्रोपाध्यायांच्या वहींत मिळालें तर मिळतें.

एक मृत्युवार्ता सांपडली म्हणून पत्र मिटूं नये. पुढचे दोनतीन अंक चाळावे, कारण चुकीची दुरुस्ती तेथें दोन ओळींत दडलेली असते. आणि टिपण घेतांना स्वतःचा हिशेब आणि छापील शब्द एकत्र करूं नयेत : आधीं मूळ वाक्य, पत्राचें नांव, अंकाची तारीख व पान, त्याखालीं, निराळ्या ओळींत, त्यावरून काढलेलें साल.