तंदूर धुवायचा नसतो

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका ढाब्यावर रोट्या भिंतीवरून सुटून निखाऱ्यांत पडू लागल्या. आधी कणकेला दोष दिला गेला, मग नव्या पोऱ्याच्या हाताला. शेवटी मालकाने तंदूरमध्ये वाकून पाहिलं. भिंतीवर काळा थर होता आणि जागोजागी जळक्या पिठाच्या खपल्या. कढई घासतात तसा साबणाचं पाणी ओतून तंदूर घासायचा, असं त्याने ठरवलं आणि तसंच केलं. संध्याकाळी घाईने भट्टी पेटवली, तेव्हा गळ्यापासून पोटापर्यंत बोट शिरेल एवढी चीर गेली.

तंदूर म्हणजे मोठं भांडं आणि भांडं म्हटलं की धुणं आलं, हा यातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. तंदूरच्या भाजलेल्या मातीवर झिलई नसते. पाण्याच्या माठासारखीच ती सच्छिद्र असते आणि माठासारखंच पाणी पिते. ते पाणी भिंतीत खोल मुरतं. वर जोराचा जाळ लागला की त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते, आणि आतून बाहेर पडायला वाट सापडली नाही तर ती माती फोडते. साबणाचं तर आणखी वाईट, कारण त्या छिद्रांतून तो पुरता खंगाळून काढताच येत नाही.

मग पाण्याचा थेंबही चालत नाही का? इथे गैरसमज दुसऱ्या टोकाला जातो. जुने उस्ताद भिंत तापल्यावर, रोट्या लावण्याआधी, काठीला बांधलेलं फडकं मिठाच्या पाण्यात बुडवतात, घट्ट पिळतात आणि आतून एक झरझर हात फिरवतात. पाणी भिंतीत शिरण्याआधीच उडून जातं. वरची भुकटी पुसली जाते, फार तापलेली जागा थोडी निवते आणि रोटी बसते. ओलसर फडकं आणि बादलीभर पाणी या दोन गोष्टींत तंदूर टिकण्या-फुटण्याचं अंतर आहे.

आता त्या काळ्या थराबद्दल. काहींना तो तंदूरचा मुरलेला रंग वाटतो, चव त्यातच आहे असं वाटतं. काहींना तो खरवडून काढायची घाई असते. दोघांनीही एकदा तंदूर पेटताना समोर उभं राहून पाहावं. कोळसा किंवा लाकूड धरायला लागलं की भिंत आधी काळीकुट्ट होते, कारण जाळ अजून पुरता पेटलेला नसतो आणि धुरातली काजळी थंड मातीवर बसते. भिंत साधारण साडेतीनशे-चारशे अंश सेल्सियसकडे गेली की हा काळेपणा विरू लागतो. आधी निखाऱ्यांजवळची भिंत उजळते, मग पोट, शेवटी गळा. काजळी म्हणजे कार्बन; पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली की तो जळून जातो. मांसावरून उडालेल्या तेल-तुपाचंही तेच होतं. भिंतीचं हे काम आग स्वतः करते.

ढाब्यावरच्या तंदूरची भिंत उजळत नव्हती, कारण आग अर्धपोटी होती. चूक भिंतीवर शोधली गेली, पण ती तळाशी होती. राख साचत साचत खालच्या खिडकीच्या निम्म्यापर्यंत आली होती. तंदूर हवा तिथूनच ओढतो. हवा कमी म्हणून निखारे मंद, निखारे मंद म्हणून भिंत काळी, आणि भिंत पुरेशी तापलेली नाही म्हणून रोटी सुटते. राखेचा जाड थर उष्णता टिकवतो असं म्हणून ती मुद्दाम साठवणारेही भेटतात. तळाची माती थेट जाळापासून वाचावी म्हणून दोन बोटं राख ठेवणं योग्यच आहे. त्याहून वर गेली की ती हवेची वाट अडवते.

त्या ढाब्यावर मग गावाकडून एका जुन्या उस्तादाला बोलावलं. चीर गेलेला तंदूर बदलावा लागला. नव्याची सफाई त्याने पोऱ्याला दाखवून दिली. रात्री काम संपलं की वर झाकण ठेवायचं, खालची खिडकी बंद करायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. सकाळी आधी भिंत, मग राख, म्हणजे खरवडलेलं सगळं एकदमच निघतं. जळक्या पिठाच्या खपल्या बोथट लाकडी उलथण्याने वरून खाली, जोर न लावता. टोकदार लोखंडाने मातीचे टवके उडतात आणि पुढची रोटी नेमकी त्या खड्ड्यात अडकते. मग काथ्याच्या कोरड्या कुंच्याचा एक हात. राख खिडकीतून फावड्याने काढायची, दोन बोटं ठेवून. पेटवताना पहिला अर्धा तास जाळ लहान, नंतर पूर्ण. गळ्यापर्यंत भिंत उजळली की फडक्याचा हात, आणि आधी एकच रोटी लावून बघायची. केसाएवढ्या बारीक चिरा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, माती तापते-निवते तेव्हा त्या पडतातच. चीर रुंद होत गेली किंवा माती सुटून पडू लागली, तर मात्र वेळेवर डागडुजी हवी.

लोखंडी शेगडीचं, म्हणजे बार्बेक्यूचं, गणित थोडं वेगळं. तिथे भिंत जाळीएवढी तापत नाही, म्हणून झाकणाच्या आत चरबीचा धूर थरावर थर बसतो आणि काळे पापुद्रे लोंबू लागतात. रंग निघाला असं समजून माणसं शेगडी विकायला काढतात. ते पापुद्रे बोथट पट्टीने खरवडले की निघतात. तळाशी साचलेली चरबी मात्र खरोखर धोक्याची, कारण ती एकदम भडकते. जाळी गरम असतानाच घासावी हे बरोबर, पण तारेच्या ब्रशने नको. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका रुग्णालयात मार्च २०११ ते जून २०१२ या काळात असे सहा रुग्ण आले, ज्यांच्या घशात किंवा आतड्यात ब्रशची तुटलेली तार अन्नाबरोबर गेली होती. चपटी पट्टी वापरावी. नाहीतर आपल्या आज्या वापरत तीच युक्ती: ओलसर फडक्यावर लाकडी कोळशाची चाळलेली राख. राखेतला क्षार तेलकटपणा सोडवतो. तोच क्षार कातडीलाही लागतो, म्हणून हातमोजे घालावेत, आणि ॲल्युमिनियमवर ही राख वापरू नये. दगडी कोळशाची राख तर भांड्यांसाठी नकोच.

राख शेगडीतच राहू दिली तर पत्रा गंजत नाही, उलट झाकला जातो, असंही ऐकू येतं. कोकणात एक पावसाळा काढलेली शेगडी पाहिली की उत्तर मिळतं. राख हवेतला ओलावा ओढून धरते, आणि ती जिथे साचते त्या तळालाच आधी भोक पडतं.

शेवटचा गैरसमज जिवावर बेततो: राख वरून पांढरी, म्हणजे विझली. राखेखाली दबलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्यात टाकलेल्या अशा राखेने आग लागते. आणि बादली बंद खोलीत ठेवली तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्यावा, तो भिंतीपासून आणि गवतापासून लांब, उघड्यावर ठेवावा. त्या ढाब्यावर आता असे दोन डबे आहेत: आजची राख एकात, कालची दुसऱ्यात. कालच्या डब्याला बाहेरून हाताची मागची बाजू लावून बघतात, पाणी ओतून काठीने ढवळतात, आणि मगच तो रिकामा करतात.