पदवी नसलेल्या मोडीवाचकाचा परिचय

मोडी वाचणाऱ्यांपैकी अनेकजण ही लिपी घरच्या जुन्या कागदांवर स्वतःच शिकलेले असतात. स्वतःच्या परिचयात हे लिहिताना मात्र ते अडखळतात, आणि त्यामागे काही गैरसमज असतात.

पहिला गैरसमज असा की इतिहासाची पदवी नसेल, तर मोडी येते असे ठामपणे लिहू नये. वस्तुतः पेशवाईतले कारकूनही मोडी शिकले ते दप्तरात बसून, कित्ते गिरवून. शिवाय इतिहासाच्या पदवीधराला मोडी येतेच असेही नाही. ही लिपी येते की नाही, हे कागद समोर ठेवला की कळते.

दुसरा गैरसमज अधिक नुकसान करतो. पदवीची उणीव विशेषणांनी भरून निघते, असे समजून ‘मोडी लिपीचे गाढे अभ्यासक, पंधरा वर्षांचा अनुभव’ असे लिहिले जाते. काम देणाऱ्या संपादकाला किंवा वाड्याच्या मालकाला त्यातून काहीच कळत नाही. शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रजी अमदानीतील मोडीची वळणे वेगवेगळी आहेत. एक वाचणाऱ्याला दुसरी वाचता येईलच असे नाही. म्हणून परिचयात काळ, कागदाचा प्रकार आणि संख्या हवी. एक काल्पनिक नमुना असा:

‘२०१६ पासून मोडी वाचन, स्वयंशिक्षित. सातारा परिसरातील तीन घराण्यांच्या दप्तरांतील सुमारे ४०० कागदांचे देवनागरी लिप्यंतर. काळ १८२० ते १९१०. मुख्यतः खरेदीखते, कर्जरोखे, वतनाचे कागद. शिवकालीन मोडीचा सराव नाही. मूळ कागदाच्या छायाचित्रासह दहा लिप्यंतरे पाहण्यास उपलब्ध.’

यात ‘स्वयंशिक्षित’ हा शब्द एकदाच येतो, तोही वर्षाला जोडून; तो आरंभीच क्षमायाचनेसारखा आला असता तर पुढचे सारे फिके पडले असते. शेवटून दुसरे वाक्य अनेकांना कमीपणाचे वाटते. खरे तर वाचणाऱ्याचा विश्वास त्यानेच बसतो, कारण स्वतःची मर्यादा सांगणारा बाकीचे आकडेही फुगवत नसावा.

लिप्यंतराचे नमुने निवडताना तारखेचा कागद जरूर घ्यावा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन ११६१. हे वर्ष मे-जूनमध्ये मृगाच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे इसवी सन काढताना डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९, तर जानेवारीपासून पुढच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ मधली, म्हणून तिला ६००. इथे चुकलेला वाचक अक्षरे ओळखतो, पण कागद वाचत नाही. जाणकार परीक्षक आधी हेच तपासतो.

चार दिवसांच्या कार्यशाळेला ‘पदविका’ म्हणणे हे तर उघड खोटे आहे, आणि एका चौकशीत ते उघडे पडते. कार्यशाळा ‘कार्यशाळा’ म्हणूनच लिहावी. मात्र न्यायालयाने किंवा सरकारी कचेरीने प्रमाणपत्रधारक वाचकाचेच लिप्यंतर मागितले असेल, तर ४०० कागदांचा अनुभवही त्या अटीची जागा घेऊ शकत नाही. तिथे आधी परीक्षा द्यावी लागते.