आवरण चढले आणि वायर थंड झाली

घरातल्या दिव्यांसाठी सहसा १.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर वापरतात. तिच्यातून १० अँपिअर प्रवाह गेला की दर मीटरला साधारण १.२ वॉट उष्णता तयार होते. वायर उघडी असेल तर ही उष्णता थेट हवेत जाते. तिच्यावर पीव्हीसीचे कवच चढवले तर उष्णता आत कोंडून वायर जास्त तापेल असे वाटते. साधा हिशेब मात्र उलटे उत्तर देतो.

उष्णतेच्या वाटेत दोन अडथळे असतात. पहिला आवरणाच्या जाडीचा, दुसरा पृष्ठभागावरून हवेत शिरण्याचा. पृष्ठभाग जितका मोठा, तितका हा दुसरा अडथळा लहान. हा अडथळा मोजण्याची सोपी रीत अशी : एक मीटर वायरीतून एक वॉट उष्णता बाहेर पडायला तापमानात किती अंशांचा फरक लागतो? उघड्या वायरीची त्रिज्या जेमतेम ०.७ मिलिमीटर. घरातल्या स्थिर हवेत पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवरून दर अंशामागे १० वॉट उष्णता जाते असे धरले, तर सुमारे २३ अंश लागतात. ०.७ मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसीने त्रिज्या १.४ झाली की बाहेरचा पृष्ठभाग दुप्पट होतो आणि हवेचा अडथळा ११.४ अंशांवर येतो. पीव्हीसी स्वतः जो अडथळा घालते तो फक्त ०.७ अंशाचा. बेरीज १२ अंश. म्हणजे १.२ वॉटसाठी उघडी वायर हवेपेक्षा २८ अंशांनी तापेल, तर आवरणातली जेमतेम १५ अंशांनी.

मग आवरण वाढवतच न्यावे का? तसेही नाही.

त्रिज्या दर वेळी दुप्पट केली की हवेचा अडथळा निम्मा होतो, पण आवरणाच्या अडथळ्यात दर वेळी सारखीच भर पडते. सुरुवातीला निम्मे होणे म्हणजे मोठी बचत असते. पुढे ती इतकी किरकोळ होते की आवरणाची भर तिच्यावर मात करते. दोन्ही बाजू जिथे बरोबरीत येतात ती क्रांतिक त्रिज्या. तिचे सूत्र छोटे आहे : r = k/h. यात k म्हणजे आवरणाची उष्णतावाहकता आणि h म्हणजे हवेत उष्णता जाण्याचा दर. पीव्हीसीसाठी k सुमारे ०.१६ आणि h १० धरला, तर r येते १६ मिलिमीटर. घरातल्या वायरीचे आवरण त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. खरा h मात्र स्थिर नसतो. वायर जितकी बारीक, तितका तो जास्त असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फायदा या हिशेबापेक्षा कमी भरतो. दुसरीकडे, चकचकीत तांबे किरणोत्सर्गाने फार थोडी उष्णता टाकते आणि पीव्हीसी बरीच जास्त टाकते, म्हणजे तेवढी भर आवरणाच्या बाजूने पडते.

वायरीत जे हवेसे, तेच गरम पाण्याच्या बारीक नळीत नकोसे ठरते. ८ मिलिमीटर बाह्य व्यासाची नळी ७० अंशांवर आहे आणि हवा ३० अंशांवर, असे समजू. उघडी असताना ती दर मीटरला सुमारे १० वॉट गमावते. तिच्यावर ३ मिलिमीटर जाडीचे साधे भरीव रबर गुंडाळले, ज्याची वाहकता पीव्हीसीइतकीच आहे, तर नुकसान १४ वॉटवर जाते. फसगत अशी, की हात लावला तर आवरण ६२ अंशांचे, नळीपेक्षा थंडच लागते. खरे नुकसान कळते ते पाणी आत शिरताना आणि बाहेर पडताना त्याचे तापमान मोजल्यावर. हेच रबर वापरून नुकसान पुन्हा उघड्या नळीइतके खाली आणायचे, तर बाहेरची त्रिज्या जवळपास २० सेंटिमीटर करावी लागेल.

उपाय जाडीत नाही, पदार्थात आहे. नायट्राइल फोमची वाहकता ०.०३५ च्या आसपास असते. त्याची क्रांतिक त्रिज्या साडेतीन मिलिमीटर, म्हणजे नळीच्या चार मिलिमीटरपेक्षा कमी. त्यामुळे या फोमचा पहिला थरही उष्णता रोखतोच. ९ मिलिमीटर फोम लावला की नुकसान सुमारे ६ वॉटवर येते. वाऱ्यात h वाढतो आणि क्रांतिक त्रिज्या आणखी आक्रसते. जाड वाफेच्या पाइपला तर ही अडचण सहसा येतच नाही, कारण त्याची त्रिज्या आधीच पुष्कळ मोठी असते. सपाट भिंतीवर आवरणामुळे पृष्ठभाग वाढत नाही, म्हणून तिला क्रांतिक जाडीच नसते.

छताच्या वर ग्लासवूल पसरताना वायरी त्यात गाडल्या गेल्या, तर मात्र पारडे फिरते. ग्लासवूलची वाहकता ०.०४ च्या आसपास आणि थर कित्येक सेंटिमीटरचा, म्हणजे क्रांतिक त्रिज्या कुठल्या कुठे मागे पडलेली. उष्णता खरोखरच कोंडते आणि साध्या पीव्हीसीची ७० अंशांची मर्यादा जवळ येते. म्हणूनच ब्रिटनच्या वायरिंग नियमावलीत, बीएस ७६७१ मध्ये, अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त लांबी अशा थरात पूर्ण वेढली गेली आणि नेमकी माहिती हाती नसली, तर त्या केबलची प्रवाहक्षमता निम्मी धरायला सांगितले आहे.