पेढे वाटल्यानंतरचे दिवस

चाकण किंवा अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीतला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिथल्या क्वालिटी विभागात सात जण आहेत. एप्रिल अखेरीला पगारवाढीची पत्रं येतात आणि चार वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एका मुलीला टीम लीडर केलं जातं. त्याच विभागात नऊ वर्षं घालवलेल्या काकांना या वेळी आपलाच नंबर लागणार असं वाटत होतं. पेढे वाटले जातात, ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश पडतात. पुढच्या सोमवारपासून मात्र डबा खायला बसताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागते. काका तिला अचानक ‘मॅडम’ म्हणू लागतात आणि रिजेक्शनचे आकडे तिच्यापर्यंत संध्याकाळी उशिरा पोचू लागतात.

हा प्रसंग कल्पित असला तरी अशा प्रसंगांत माणसांच्या मनात काय चालतं याचा अभ्यास झालेला आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग भारतातच झाला. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात रोजंदारीवरच्या ३७८ कामगारांना महिनाभर छोट्या कारखान्यांमध्ये काम दिलं. एकच वस्तू बनवणाऱ्या तिघांचा एक गट, अशी रचना होती. काही गटांत तिघांना सारखीच मजुरी होती. काही गटांत आधीच्या कामगिरीनुसार तिघांची मजुरी थोडी-थोडी वेगळी ठेवली होती. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मजुरीत फरक असलेल्या गटांत कमी मजुरी मिळणाऱ्यांचं काम घटलं आणि हजेरीही खालावली. त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी ते यायचे थांबले. तीच मजुरी इतर गटांतल्या कामगारांनाही मिळत होती आणि ते नेटानं काम करत होते. त्रास रकमेचा नव्हता, शेजारच्याला जास्त मिळतंय याचा होता.

याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष बढती मिळालेल्या माणसाच्या फार उपयोगाचा आहे. काही वस्तू अशा होत्या की कोणी किती माल काढला हे बाजूच्याला सहज दिसायचं. तिथे मजुरीतल्या फरकाचा हा दुष्परिणाम जवळपास नाहीसा झाला. ‘त्याला जास्त का?’ या प्रश्नाचं उत्तर समोर दिसत असलं की माणसं फरक सोसतात. उत्तर दिसत नसलं की मन स्वतःच ते तयार करतं, आणि असं तयार झालेलं उत्तर बहुधा वशिल्याचं असतं.

कारखान्यातल्या त्या मुलीची अडचण नेमकी इथे आहे. समजा, एका मोठ्या ग्राहकाकडून वारंवार माल परत येत होता आणि तिनं रात्रपाळीत थांबून त्याचं मूळ शोधलं. एका मशीनचं फिक्श्चर झिजलं होतं. हे व्यवस्थापकाला माहीत आहे, पण तिच्या सहकाऱ्यांना नाही, कारण त्या वेळी ते घरी होते. त्यांच्यापुढे फक्त पत्र आलं.

अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो लपवण्याचा. पगार विचारला तर ‘छे, काही विशेष नाही’ म्हणायचं, कौतुक झालं की ‘माझं कसलं काय’ म्हणून उडवून लावायचं. यामागचा हेतू चांगला असतो, परिणाम मात्र उलटा होतो. ॲनाबेल रॉबर्ट्स, एमा लेव्हाइन आणि ओवुल सेझर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं दिसलं की, यश दडवलेलं नंतर कळलं की जवळच्यांना अपमान वाटतो. ‘हिला वाटलं, मला हे झेपणार नाही,’ असा त्याचा अर्थ घेतला जातो. नम्रतेच्या आडून केलेली बढाईसुद्धा फसते. ‘काय सांगू, इतकी जबाबदारी टाकलीय की दमून गेलोय’ या तक्रारीपेक्षा ‘बढती मिळाली, आनंद झालाय’ हे सरळ वाक्य लोकांना जास्त आवडतं, हे सेझर यांच्याच आधीच्या अभ्यासातून दिसलं होतं.

म्हणून बातमी सांगावी, एकदाच आणि सरळ सांगावी. आणि ज्याची संधी हुकली त्याला ती ग्रुपवरून कळू देऊ नये. त्या मुलीनं पेढ्यांचा पुडा उघडण्याआधी काकांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, ‘काका, या जागेसाठी तुमचाही विचार होता हे मला माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटलं असेल. फोर्जिंगच्या मालातलं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं मला कळत नाही, ती तपासणी तुमच्याकडेच राहावी असं मी साहेबांना सांगणार आहे.’ यात माफी नाही, कारण तिचा गुन्हा नाही. सांत्वनही नाही. काकांच्या कौशल्याचं एक खरं, नेमकं नाव आहे आणि त्यामागे एक काम आहे. शेवटचं वाक्य बोलून नंतर विसरणं मात्र न बोलण्यापेक्षा वाईट.

तिच्या कामाचं उत्तर सहकाऱ्यांपुढे कसं ठेवायचं, हा नाजूक भाग. स्वतःची थोरवी गायची नाही, पण फिक्श्चरची गोष्ट सांगायची, तीही चुकांसकट. आधी दोन वेळा तिनं कच्च्या मालाला दोष दिला होता आणि दोन्ही वेळा ती चुकली होती, हे त्यात यायला हवं. ॲलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की, यशस्वी माणूस यशासोबत अपयशही सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनातला त्याला खाली खेचणारा मत्सर कमी होतो आणि त्याच्याबद्दलचा आदर टिकून राहतो. यश मिळालेल्याची वाट दिसली की हेवा ‘मलाही जमेल’ या दिशेला वळू शकतो. तपासणीची ती पद्धत तिनं सगळ्यांना शिकवली, तर ती वाट प्रत्यक्ष मोकळी होते.

यालाही मर्यादा आहेत. मत्सराच्या भीतीनं माणूस गरजेपेक्षा जास्त मदत करू लागतो, इतरांची कामं अंगावर घेतो, उशिरापर्यंत थांबतो. त्यातून प्रेम वाढत नाही, सवय लागते. शिवाय निर्णय खरोखरच अन्याय्य असेल, निकष कुणालाच सांगितले नसतील, तर त्याचं समर्थन करणं हे बढती मिळालेल्याचं काम नव्हे. ‘निकष काय होते ते साहेबांना विचारा, मीही विचारते,’ एवढं तिनं म्हणावं.

दुखावलेपण आणि अडवणूक यांतला फरक काही आठवड्यांत कळतो. अबोला, ‘मॅडम’मधला टोमणा, डब्याच्या वेळची रिकामी खुर्ची हे दुखावलेपण आहे. त्याला वेळ द्यावा, नमस्कार-चमत्कार नेहमीसारखे चालू ठेवावेत. आकडे मुद्दाम उशिरा येणं, बैठकीचा निरोप न मिळणं, तिच्या नावावर चुकीची नोंद होणं ही अडवणूक, कारण इथे कामाचं नुकसान होतं. आधी एकांतात, तारखेसह, एकाच घटनेबद्दल विचारावं: ‘मंगळवारचा रिपोर्ट सातला आला, त्यामुळे ट्रक थांबला. काय अडचण आली?’ त्यानंतर कोणता आकडा किती वाजता हवा हे सगळ्यांसाठी एकदम मेलवर ठरवावं, म्हणजे नियम एकट्या काकांवर रोखलेला राहत नाही. तरीही उशीर होत राहिला, तर त्या तारखा घेऊन व्यवस्थापकाकडे जावं आणि तिथे बोलणं रिपोर्टबद्दलच ठेवावं. ‘काका माझ्यावर जळतात’ हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं की चौकशी काकांच्या मनाची सुरू होते आणि थांबलेला ट्रक बाजूला राहतो.